चूक सांगावी कशी?

नोकरीत पाच-सहा वर्षे गेली, की प्रत्येकाच्या हाताखाली कोणी ना कोणी नवे माणूस येते. कचेरीत तो कारकून असेल, शाळेत शिक्षिका असेल, बँकेत काउंटरवर बसणारा तरुण असेल. त्याला काम शिकवा, असे वरिष्ठ आपल्याला सांगतात. पण त्याच्या कामातली चूक त्याला सांगावयाची कशी, हे कोणी सांगत नाही. मग आपल्याला जशी सांगितली गेली, तशीच आपण ती पुढे सांगतो. कोणी चारचौघांत खडसावतो. कोणी भिडेपोटी गप्प बसतो आणि ती चूक मागाहून स्वतःच निस्तरतो. पहिल्या तऱ्हेत नवे माणूस चूक लपवावयास शिकते. दुसऱ्या तऱ्हेत ते काहीच शिकत नाही.

माझी सारी नोकरी परिचारिका म्हणून रुग्णालयांत गेली. तेथे हा प्रश्न केवळ गोड बोलण्याचा किंवा कडू बोलण्याचा उरत नाही. नव्या मुलीने लपविलेली चूक पलंगावर पडलेल्या माणसाला भोवते. म्हणून या विषयावर चार सर्वसाधारण उपदेश करण्याऐवजी मी वॉर्डातले एकच उदाहरण घेते आणि ते तपशिलाने सांगते. वाचकांनी त्यातला वॉर्ड काढून आपापली कचेरी तेथे ठेवावी.

पाच रकाने, एकच आकडा

२०११ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, दुपारची पाळी. सोळा नंबरच्या पलंगावर आतड्याचे ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. ऑपरेशनचा दुसरा दिवस. लघवीसाठी नळी घातलेली होती आणि नळीचे टोक पलंगाच्या कडेला टांगलेल्या पिशवीत सोडलेले होते. दर तासाला किती लघवी झाली ते मोजून लिहा, अशी डॉक्टरांची लेखी सूचना होती.

ही सूचना डॉक्टर उगाच देत नाहीत. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण अर्धा मिलिलिटर तरी लघवी व्हावी, असा ढोबळ हिशेब असतो. आजोबांचे वजन साठ किलो. म्हणजे तासाला निदान ३० मिलिलिटर. त्याखाली आकडा जाऊ लागला, तर शरीरात पाणी कमी पडत असेल, आतून रक्तस्राव होत असेल, मूत्रपिंड थकत असेल, किंवा नुसती नळी मुडपलेली असेल. कारण काहीही असो, पहिली सूचना पुष्कळदा त्या आकड्यातूनच मिळते.

त्या दिवशी सोळा नंबरकडे नोकरीला लागून तीनच महिने झालेली एक मुलगी होती. कामाला चपळ, रोग्यांशी बोलावयास गोड. संध्याकाळी सात वाजता मी चार्ट पाहिला. तीन, चार, पाच, सहा, सात : पाचही रकान्यांत ५० हाच आकडा. पाचही वेळा एकच शाई, एकच तिरपे अक्षर. मी वाकून पिशवी पाहिली. तीत अडीचशेच्या आसपास लघवी होती. म्हणजे बेरीज बरोबर होती! दोन वाजता रिकामी केलेली पिशवी सातला पाहून तिने आकड्याला पाचाने भागले होते, हे उघड होते.

बेरीज बरोबर असली तरी चार्ट मात्र खोटा होता. पहिल्या दोन तासांत दोनशे आणि नंतरच्या तीन तासांत मिळून पन्नास, असे झाले असले तरी भागाकार पन्नासच येतो. घसरण कळावी म्हणून तर तासातासाला मोजावयाचे, आणि सरासरीने नेमकी तीच झाकली जात होती.

आधी रोगी, मग बोलणे

अशा वेळी जीभ शिवशिवते. पलंगापाशीच, "हे काय लिहिलंयस?" असे तोंडून निघावयास क्षणही लागत नाही. पण भोवती नातेवाईक असतात, शेजारच्या पलंगावरचे कान टवकारलेले असतात आणि खुद्द आजोबांना त्याच मुलीच्या हातून रात्रीपर्यंत औषध घ्यावयाचे असते. रोग्यासमोर तिची पत घालविली, तर तिचा हात थरथरू लागतो आणि रोग्याचाही तिच्यावरचा विश्वास उडतो.

मी तिला हाक मारली आणि एवढेच म्हणाले, "चल, सोळा नंबरची नळी आपण दोघी मिळून पाहू." नळी कोठे मुडपली नव्हती. ओटीपोट फुगलेले नव्हते. आम्ही पिशवी रिकामी केली, वेळ लिहिली आणि आठ वाजता पुन्हा मोजले. तासाभरात अवघे १४ मिलिलिटर. नाडी, रक्तदाब घेऊन मी लगेच डॉक्टरांना बोलाविले आणि सांगितले, की दोन ते सात एकूण २५० हा आकडा खरा आहे, पण तासातासाचे आकडे धरू नका. त्यांनी तपासून सलाईन वाढविले. मध्यरात्रीनंतर लघवी तासाला चाळिसाच्या वर गेली, असे रात्रपाळीच्या सिस्टरने दुसऱ्या दिवशी सांगितले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. हातून आता, या क्षणी, काही विपरीत घडत असेल, तर तेथेच थांबवावे; पण थांबविण्यापुरतेच शब्द वापरावेत. "थांब, मी धरते," एवढे पुरते. कारणमीमांसा मागाहून. मात्र मागाहून म्हणजे आठवड्याने नव्हे. त्याच पाळीत, सगळे ताजे असताना, आणि दार लोटून घेता येईल अशा जागी. आमच्या वॉर्डात अशी एकच जागा होती, ती म्हणजे चादरी ठेवावयाची खोली. साडेआठला मी तिला तेथे नेले. दोघींसाठी चहा मागविला. उभ्याने बोलले की झाडाझडती वाटते, म्हणून दोघी बसलो.

तीन वाक्ये

मी काय बोलले ते जसेच्या तसे देते, कारण साऱ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

"सोळा नंबरच्या चार्टवर तीन ते सात पाचही रकान्यांत पन्नास लिहिलंय, एकाच शाईनं. मला वाटतं ते एकदम भरलं गेलंय, आणि मला काळजी याची, की लघवी कधी कमी झाली ते त्यातून कळलं नाही. तुझ्या बाजूनं काय झालं ते मला सांग."

पहिल्या वाक्यात फक्त डोळ्यांना दिसलेली गोष्ट आहे. "तू निष्काळजी आहेस," असे त्यात नाही, "तुझं लक्ष नसतं," असेही नाही. निष्काळजीपणा कोणी डोळ्यांनी पाहत नाही. तो आपला तर्क असतो. शाई मात्र दिसते, आणि शाईबद्दल वाद होत नाही. दुसऱ्या वाक्यात माझे मत आहे आणि ते का, हेही आहे. तिसरा प्रश्न आहे, आणि तो खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते.

पुष्कळ भले वरिष्ठ येथे एक गफलत करतात. दुखवू नये म्हणून ते आपले मत गिळतात आणि आडून विचारतात, "तुला काय वाटतं, चार्ट कसा झालाय?" ऐकणारीला लगेच कळते, की सिस्टरांच्या मनात काही तरी आहे आणि ते आपण ओळखावयाचे आहे. ती घाबरून अंदाज बांधू लागते. हा गोडवा खडसावण्याइतकाच छळतो. अमेरिकेत बॉस्टन येथे डॉक्टर-परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमके हेच मांडले : मत लपविल्याने ते नाहीसे होत नाही, म्हणून ते उघड सांगावे आणि त्याच्या जोडीला समोरच्याचा विचार मनापासून विचारावा. माझ्या अनुभवाला हे पुरेपूर पटते.

प्रश्न विचारला की गप्प बसावे. हे सर्वांत अवघड. समोरची मुलगी मान खाली घालते, पदराशी किंवा एप्रनच्या टोकाशी चाळा करते, आणि आपण भरकन स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मी मनात आकडे मोजते. त्या दिवशी वीसपर्यंत मोजावे लागले.

मग ती म्हणाली, "सिस्टर, पिशवीवर शंभर-शंभरच्याच खुणा आहेत. तीस झाली की पन्नास, कळतच नाही. जारमध्ये ओतून बघावं तर जार एकच, तो अकरा नंबरला लावलेला. एकाचा जार दुसऱ्याला वापरायचा नाही असं शिकवलंय. मला वाटलं, बाकीच्या सिस्टरांना डोळ्यांनी जमतं, मलाच जमत नाही."

आता पाहा. हे मला पलंगापाशी कळले नसते. दोन लिटरच्या साध्या पिशवीवर ३० आणि ५० यांतला फरक कोणालाच दिसत नाही. मला तीस वर्षांनीही दिसत नाही. त्यासाठी खुणांचा जार हवा, नाहीतर मोजणीचा छोटा कप्पा असलेली महाग पिशवी हवी. मुलीला दुसऱ्याचा जार न वापरण्याचा नियम ठाऊक होता आणि तिने तो पाळला होता. तिला ठाऊक नव्हते ते हे, की मोजता येत नसेल तर तसे सांगावयाचे असते. ती आळशी आहे असे धरून मी बोलले असते, तर तिने मान डोलावली असती, सॉरी म्हटले असते, आणि दुसऱ्या दिवशी रकान्यांत ४५, ५५, ५०, ६० असे आकडे भरले असते. एकसारखे आकडे लिहू नयेत, एवढाच धडा तिने घेतला असता!

स्तुतीचे वेष्टन

कडू गोळी साखरेत घोळून द्यावी, तशी चूक दोन स्तुतींच्या मधे घालून सांगावी, अशी एक पद्धत पुष्कळ ठिकाणी शिकवितात. "तू छान काम करतेस, पण चार्ट चुकला, तरी एकंदरीत चांगलं आहे." ऐकणारी "पण" या शब्दाची वाट पाहत असते. पुढच्या वेळी खरीखुरी शाबासकी दिली तरी तिच्या मनात येते, आता काय निघणार? शिवाय भित्री मुलगी फक्त मधले ऐकते आणि बेफिकीर मुलगी फक्त कडेचे ऐकते.

स्तुती करू नये असे माझे म्हणणे नाही. ती खरी असावी, नेमकी असावी आणि जेथे लागू पडते तेथेच यावी. "दुसऱ्या रोग्याचा जार वापरला नाहीस, ते बरोबर केलंस, त्यातून जंतू पसरतात," हे मी तिला सांगितले. ते साखर म्हणून नव्हे. पुढेही तिने तसेच वागावे म्हणून.

अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली आधीचे कितीतरी प्रयोग एकत्र करून पाहिले. कामाबद्दल अभिप्राय दिल्याने काम सरासरीने सुधारते, हे त्यांना दिसले. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडलेले आढळले. त्यांनी सुचविलेले कारण विचार करण्याजोगे आहे : लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेले, की काम बिघडते. "मी कशी आहे" या प्रश्नात गुंतलेली मुलगी "जार कोठून आणू" हा विचार करू शकत नाही. शिवीने लक्ष स्वतःवर जाते, आणि मोघम स्तुतीनेही जाते. म्हणून बोलणे होता होईल तो चार्ट, जार, पिशवी यांच्याभोवतीच ठेवावे.

मऊ बोलणे आणि मऊ नियम

समजून घेऊन बोलणे म्हणजे सोडून देणे नव्हे. कारण ऐकल्यावर मी तिला साठ किलो आणि ३० मिलिलिटर यांचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. मग म्हणाले, "जार नव्हता हे खरं. पण न मोजलेला आकडा लिहायचा नाही, कधीच नाही. मोजता आलं नाही तर रकाना रिकामा ठेव, 'मोजले नाही' असं लिही आणि मला हाक मार. रिकामा रकाना पाहून मी धावत येईन. पन्नास पाहून मी पुढे निघून जाईन."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. अशा वेळी घाईघाईने "जाऊ दे, एवढं काही नाही" असे म्हणू नये. ते खोटे असते आणि तिलाही ते कळते. मी चहाचा कप तिच्यापुढे सरकविला आणि थोडा वेळ जाऊ दिला. मग इतकेच सांगितले, की हे मी तुला इतक्या बारकाईने सांगते, कारण तू लवकरच एकटीने नाईट सांभाळशील असे मला दिसते आहे. हे मनापासून वाटत असेल तरच म्हणावे. मोजमाप कडक आहे आणि तू ते गाठशील, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकू आल्या, की माणसाला चूक दाखविणारा वैरी वाटत नाही.

शेवटी मी विचारले, "मग उद्यापासून काय करायचं?" हे मी सांगितले असते तर दोन मिनिटे वाचली असती, पण स्वतःच्या तोंडून निघालेली गोष्ट माणूस अधिक पाळते. तिने सांगितले : पाळी सुरू होताच कोणाला तासाचे मोजमाप आहे ते पाहायचे, त्या प्रत्येकाच्या पलंगाखाली नंबर लिहिलेला जार आहे का ते बघायचे, नसेल तर तेव्हाच सांगायचे. मी एक भर घातली : परस्पर पिशवी रिकामी करू नका, हे नातेवाइकांनाही बजावावयाचे. जारांची मागणी भांडारात लावून धरणे हे काम माझ्याकडे आले. चूक सांगणाऱ्याने आपल्या वाट्याला काहीच घेतले नाही, तर ते बोलणे नुसते फर्मान होते.

मग आम्ही तो चार्ट दुरुस्त केला. खोडून किंवा वर गिरवून नव्हे. पाच आकड्यांवर एकच आडवी रेघ, आकडे खालून वाचता येतील अशी. बाजूला "२ ते ७ एकूण २५०", वेळ आणि तिची सही. चूक झाली ती दिसू द्यावी, हेही त्यातच शिकवून झाले. सारे बोलणे पंधरा मिनिटांचे. जेवणाच्या टेबलावर मी त्याचा उच्चार केला नाही. बंद दाराआडचे बोलणे बाहेर आले, की पुढच्या वेळी दाराआडही कोणी खरे बोलत नाही.

जेथे हे चालत नाही

ही तऱ्हा सगळीकडे लागू पडते असे नाही. नकळत, न जमल्यामुळे किंवा भीतीपोटी झालेल्या चुकीसाठी ती आहे. जार हाताशी असताना, नियम ठाऊक असताना आणि एकदा बोलणे झाल्यावरही कोणी आकडे रचून लिहीत असेल, तर तो प्रश्न शिकविण्याचा राहिला नाही. तेथे मेट्रनला कळवावे लागते, लेखी नोंद करावी लागते. आणि "आता हे शिकवण्याचं बोलणं नाही," असे त्या व्यक्तीला स्पष्ट सांगावेही लागते. दोन्ही बोलणी एकमेकांत मिसळू नयेत. चहा पाजून नोटीस देणे हे चारचौघांत खडसावण्यापेक्षा वाईट.

दुसरी मर्यादा वेळेची. एका बोलण्यात एकच चूक. तिचे अक्षर लागत नव्हते, औषधांच्या ट्रॉलीची मांडणीही मला पसंत नव्हती. पण त्या रात्री मी ते काढले नाही. "आता बोलतेच आहे तर" म्हणून पाच गोष्टी सांगितल्या, की पहिली धुऊन जाते.

आणि बोलणे लागू पडले की नाही, हे समोरच्याच्या "हो सिस्टर" वरून ठरवू नये. भ्यालेले माणूसही "हो" म्हणते. मी दोन खुणा पाहते. त्या पंधरा मिनिटांत निम्म्याहून अधिक वेळ ती बोलली, की मी? आणि पुढची अडचण मला शोधावी लागली, की ती आपण होऊन घेऊन आली?

तीन दिवसांनी मी दुपारच्या राउंडला निघाले. आजोबांची नळी तोवर निघाली होती; आता तासाचे मोजमाप नऊ नंबरला होते. चार्टवर तीन वाजता ३५, चार वाजता ६०, आणि पाचचा रकाना रिकामा. त्यात बारीक अक्षरात लिहिले होते : "मोजले नाही, जार धुवायला गेला." मी मागे वळले, तर ती मुलगी माझ्याकडेच लगबगीने येत होती. "सिस्टर, नऊ नंबरचं पाचचं राहिलं, तुम्हांला सांगायलाच येत होते."

पन्नासच्या पाच सुबक आकड्यांपेक्षा तो रिकामा रकाना मला कितीतरी अधिक मोलाचा वाटला.